सोन्याची ११ महिन्यांची स्कीम: बारावा हप्ता नक्की कोण भरतं?

प्रश्न: कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफाकडं महिना ५,००० ची स्कीम घ्यायचं चाललंय. ११ हप्ते आपण भरायचे, बारावा ते भरणार म्हणतात. लेकीच्या लग्नासाठी ठुशी करायचीय, पाचेक ग्रॅमची. खरंच फायदा आहे का आरडीच बरी? आणि शेवटी हिशोब कसा करतात, काही अटी असतात का?

उत्तर:

ताई, मी गुजरीतल्याच एका पेढीवर बावीस वर्षं बिलं आणि स्कीमचं रजिस्टर सांभाळलंय, त्यामुळं काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो. आधी एवढंच सांगतो की फायदा खोटा नाही, पण तो कुठनं येतो हे कळलं की अटी आपोआप कळतात, आणि ते न कळताच लोक कार्ड काढतात.

फायदा किती ते बघू. ५५,००० भरले आणि ५,००० मिळाले म्हणजे लोक म्हणतात नऊ टक्के. तसं नाही. तुमचे ५५,००० पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडं नसतात, पहिला हप्ता अकरा महिने पडून राहतो आणि शेवटचा एकच महिना, सरासरी काढली तर अकरा महिने तुमचे ३०,००० त्यांच्याकडं आहेत असं धरायला लागतं. ३०,००० वर अकरा महिन्यात ५,००० म्हणजे वर्षाला जवळजवळ १८ टक्के झाले. हेच हप्ते बँकेत साडेसहा टक्क्यांच्या आरडीला टाकले असते तर तेवढ्याच काळात साधारण १,८०० व्याज आलं असतं. म्हणजे कागदावर स्कीम आरडीपेक्षा ३,२०० नं पुढं.

आता सराफ काय खुळा आहे का १८ टक्के द्यायला? बँकेकडनं धंद्यासाठीचं सीसी कर्ज त्याला यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. तुमचे पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात हा त्याचा फायदा आहेच, पण त्यासाठी कोण एवढं देत नाही. तो देतो कारण तुम्ही अकरा महिन्यांनी दुसरीकडं जाऊ शकत नाही, आणि तुम्ही जो दागिना घेणार त्यावर मजुरी लागणार आहे. बारावा हप्ता हा तुमच्याच मजुरीतनं तुम्हाला परत येतो. हे एक वाक्य डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तुमच्या ठुशीचंच बिल मांडतो. दर मी गोल धरलाय, २२ कॅरेट १०,००० रुपये ग्रॅम, हिशोब सोपा व्हावा म्हणून, आजचा दर समजू नका. ५ ग्रॅमचं सोनं झालं ५०,०००. ठुशीला हातकाम असतं, मणी गुंफायचे असतात, म्हणून मजुरी साध्या बांगडीपेक्षा जास्त, आपण १४ टक्के धरू, झाले ७,०००. बेरीज ५७,०००. त्यावर जीएसटी ३ टक्के, सोनं आणि मजुरी दोन्ही मिळून, म्हणजे १,७१०. एकूण ५८,७१०. हॉलमार्कचे नगामागं ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, ते त्रेपन्न रुपये सोडून देऊ.

तुमच्या खात्यावर ६०,००० आहेत, बिल ५८,७१०, म्हणजे ठुशी घेऊन वर १,२९० उरले. हे उरलेले रोख मिळत नाहीत बरं का, हे पण बहुतेकांना त्या दिवशीच कळतं. त्याच बिलात काहीतरी घ्यायला लागतं, मग एखादी मोरणी नाहीतर चांदीचं निरंजन घेऊन मंडळी घरी जातात, आणि बऱ्याचदा वर खिशातले पाचशे घालून.

या बिलात मजुरी ७,००० आहे आणि बोनस ५,०००. म्हणजे सराफानं मजुरीतले दोन हजार तरी ठेवले. आता हेच ५ ग्रॅमच्या साध्या पाटलीला करून बघा, जिला मजुरी ६ टक्के आहे. मजुरी झाली ३,०००. बोनस ५,०००. इथं सराफ सोन्याच्या भावाच्याही खाली आला, हे त्याला परवडणारं नाही. म्हणून कार्डाच्या मागं बारीक अक्षरात ओळ असते, की बोनसचा लाभ अमुक टक्क्यांपेक्षा जास्त मजुरीच्या दागिन्यांवरच मिळेल, आणि नाणं, वेढणी, बिस्किट यावर लाभ नाही. ही अट तुम्हाला फसवायला घातलेली नसते, मजुरीच नसेल तर परत काय करणार? पण ज्यांना लग्नापर्यंत नुसतं वेढण घेऊन ठेवायचंय त्यांनी ही स्कीम घेऊच नये, त्यांच्यासाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वर्षातनं दोन-तीन जणी तरी यायच्या काउंटरवर, "ओ, आम्हाला वेढणी द्या, लग्नात मोडून दागिना करताव", आणि मग मला कार्ड उलटं करून दाखवायला लागायचं. वाईट वाटायचं, पण सही त्यांचीच असायची.

काही पेढ्यांत बोनस हप्त्याच्या रूपात नसतोच, "मजुरीवर १८ टक्क्यांपर्यंत सूट" असं लिहिलेलं असतं. त्यातला "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा. १० टक्के मजुरीचा दागिना घेतलात तर १० टक्केच माफ, उरलेले आठ टक्के कुठं जमा होत नाहीत. आणि २२ टक्केवाला घेतलात तर वरचे चार तुमचे.

आता खरी मेख. मजुरी किती लावायची हे दुकानाच्या हातात आहे, त्याला सरकारी दर नाही. समजा तुमच्या स्कीमवाल्या दुकानात तीच ठुशी १८ टक्के मजुरीनं मिळते, आणि चार दुकानं सोडून दुसरा सराफ तसंच काम १२ टक्क्यांत देतो. स्कीमवाल्याकडं बिल होतं ६०,७७०, तुमचे ६०,००० वजा जाता ७७० खिशातनं, म्हणजे तुमचा एकूण खर्च ५५,७७०. दुसरीकडं बिल ५७,६८०. तुम्ही आरडी केली असती तर हातात ५६,८०० असते, वर ८८० घालायला लागले, म्हणजे तुमचा खर्च ५५,८८०. फरक किती राहिला? एकशे दहा रुपये. मजुरीतल्या सहा टक्क्यांनी अख्खा बारावा हप्ता गिळला. आणि आरडीवाल्याला तर त्या दिवशी गुजरीतल्या कुठल्याही दुकानात शिरायची मोकळीक होती.

म्हणून स्कीम घ्यायच्या आधी बोनस किती हे विचारू नका, तो बोर्डावर लिहिलेलाच असतो. तुमच्या मनातल्या नमुन्याची ठुशी दाखवायला सांगा आणि मजुरी टक्क्यांत आहे का ग्रॅमवर आणि किती, ते विचारा. त्या दुकानात आणि आणखी दोन दुकानांत. हे अर्ध्या तासाचं काम आहे. टक्क्यांची मजुरी आणि ग्रॅमची मजुरी यातही फरक आहे ओ, सोनं ९,००० असताना १४ टक्के म्हणजे ग्रॅमला १,२६०, तेच सोनं १०,००० झालं की कारागीर तोच, काम तेच, पण मजुरी १,४००. दर चढत असताना टक्केवारीची मजुरी पण चढते. माझं मत विचाराल तर ग्रॅमवर ठरलेली मजुरी गिऱ्हाइकाला बरी, पण आता फार कमी ठिकाणी तशी राहिलीय.

आणि वजन निव्वळ बघा. ठुशीत मधे खडा असला किंवा मण्यात लाख भरलेली असली तर बिलावर एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं आलं पाहिजे, सोन्याचा दर आणि मजुरी फक्त निव्वळवर.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकायची, ती म्हणजे ऑफर. पाडव्याला, दसऱ्याला दुकानाबाहेर फ्लेक्स लागतो "मजुरीवर ५० टक्के सूट". स्कीमवाली बाई तो बघून खुशीत आत येते आणि कळतं की स्कीमच्या बिलाला दुसरी कुठलीही ऑफर लागू नाही. आता हिशोब करा, आपल्या ठुशीला मजुरी ७,०००, रस्त्यावरनं आत आलेल्या माणसाला त्यात ३,५०० सूट. तुम्हाला अकरा महिने पैसे अडकवून ५,०००. म्हणजे स्कीमचा जादा फायदा उरला फक्त १,५००, आणि आरडीचं व्याज १,८०० होतं. अकरा महिने कार्डावर शिक्के मारून घेणारी मागं पडली आणि आरडी करून सणाला आलेली पुढं गेली. हे प्रत्येक दुकानात होतं असं नाही, काही पेढ्या स्कीमवाल्यांनाही सणाची सूट देतात, पण ते आधी विचारून घ्यायचं. जुनं सोनं घालून बदली करणार असाल तर तेही विचारा, की मोडीची जादा भावाची ऑफर आणि स्कीमचा बोनस एका बिलात चालतात का. बऱ्याच ठिकाणी नाही चालत.

आता दराचं बघू. वर मी जे सांगितलं ती रुपयात जमा होणारी स्कीम. त्यात तुमच्या नावावर रुपये असतात, सोनं नाही, आणि घ्यायच्या दिवशीचा दर लागतो. अकरा महिन्यात दर चढला तर तो तुमच्या डोक्यावर. "स्कीम घेतली की दर बांधला" असं खूप जणांना वाटतं, ते चूक आहे. दुसरा प्रकार वजनाचा, दर महिन्याच्या ५,००० चं त्या दिवशीच्या दरानं वजन काढून ते कार्डावर लिहितात. समजा पहिल्या महिन्यात दर ९,००० होता आणि दर महिन्याला शंभरनं चढत अकराव्याला १०,००० झाला. तर तुमचं वजन जमतं ५.७९६ ग्रॅम. घ्यायच्या दिवशी त्याची किंमत ५७,९६०, म्हणजे बोनस न घेताच २,९६० मिळाले. वजनाच्या स्कीमला पूर्ण हप्त्याचा बोनस सहसा देत नाहीत, मजुरीत थोडीफार सूट देतात, आपण निम्मी धरू. मग ५ ग्रॅमची ठुशी घेऊन, उरलेलं पाऊण ग्रॅमच्या वरचं सोनं हिशोबात धरून, वजनाची स्कीम रुपयाच्या स्कीमपेक्षा साधारण दीड हजारानं स्वस्त पडते.

पण उलटं करून बघा. दर १०,००० वरनं उतरत ९,००० ला आला तर वजन तेवढंच जमतं, ५.७९६, पण त्याची किंमत राहते ५२,१६४, भरलेल्या ५५,००० पेक्षाही कमी. आणि रुपयाच्या स्कीमवालीला त्याच ६०,००० त स्वस्त सोनं मिळतं. तिथं वजनवाली साडेचार हजारांच्या आसपास मागं पडते. म्हणजे एवढ्या चढउताराला दर चढला तर दीड हजार वर, उतरला तर साडेचार हजार खाली, आणि याचं कारण परत तेच, रुपयाच्या स्कीममधे पूर्ण बोनस आहे. दर जोरात चढला तरच वजनाची स्कीम खूप पुढं जाते. सोनं कुठं जाणार हे मला बावीस वर्षांत एकदाही बरोबर सांगता आलं नाही, त्यामुळं तो सल्ला माझ्याकडं मागू नका. फक्त दोन्हीत काय फरक आहे ते कळून घ्या.

वजनाची स्कीम घेतलीच तर कार्डावरचे ग्रॅम २२ कॅरेटचे का २४ चे हे लिहून घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय. २४ चा दर २२ पेक्षा साधारण नऊ टक्क्यांनी जास्त असतो, २२ चा १०,००० असेल तर २४ चा १०,९०० च्या पुढं. तुमचे ५,००० जर २४ च्या दरानं भागले तर ०.४५८ ग्रॅम येतात आणि २२ च्या दरानं ०.५००. भागताना २४ चा दर लावायचा आणि देताना तेवढ्याच ग्रॅमचा २२ कॅरेटचा दागिना द्यायचा, असं जर झालं तर आठ टक्के गेले बघा, आणि ते तुम्हाला कुठल्याच बिलात दिसणार नाहीत. शिवाय काही ठिकाणी बोर्डावरचा दर जीएसटी धरून असतो, हप्ता त्या दरानं भागला आणि बिलात परत जीएसटी लावला तर दोनदा झाला. पहिल्या हप्त्याची पावती घेऊन तिथल्या तिथं मोबाईलवर भागाकार करून बघायचा, लाजायचं नाही.

हप्त्याच्या तारखेबद्दल. आमच्याकडं एक मावशी होत्या, लक्ष्मीपुरीत भाजी विकायच्या, सात वर्षं सलग स्कीम घेतली त्यांनी. एका वर्षी त्यांच्या घरचे मालक दवाखान्यात होते म्हणून सप्टेंबरचा हप्ता चुकला, ऑक्टोबरला दोन्ही एकदम घेऊन आल्या, आम्ही घेतले पण, पावती दिली. शेवटी बोनस निम्माच बसला, कारण अट होती की एखादा हप्ता महिन्याबाहेर गेला तर बोनस अर्धा. मावशी म्हणाल्या, "मग तवा का नाही सांगितलासा?" मला उत्तर नव्हतं. पैसे घेताना कोणी सांगत नाही, कार्डावर लिहिलंय हे उत्तर असतं. काही ठिकाणी बोनस कमी न करता मुदत तेवढी पुढं ढकलतात, काही ठिकाणी बोनस पूर्ण जातो. आता ऑटो डेबिट असतं तर लोक निर्धास्त असतात, पण खात्यावर शिल्लक नसली की तो बाऊन्स होतो, बँक दंड घेते ते वेगळंच, आणि इकडं हप्ता चुकलेला धरतात. हप्ता पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लावून घ्या, महिनाअखेरीला नको.

मधेच बंद करायची वेळ आली तर बहुतेक पेढ्या बोनस देत नाहीत, भरलेल्या रकमेचा दागिना घ्या म्हणतात. सुरवातीला भेट म्हणून बॅग, नाहीतर चांदीचं नाणं दिलेलं असलं तर त्याची किंमत पण कापतात. रोख परत मिळणं अवघड असतं. म्हणून अडीनडीला लागणारा पैसा यात घालू नये, आरडी निदान मोडता तरी येते.

आता ११ महिनेच का, १८ नाहीतर २४ का नाही. पूर्वी होत्या तशा स्कीमा. २०१४ मधे कंपन्यांच्या ठेवींचे नवे नियम आले, त्यात असं आहे की मालासाठी घेतलेला ॲडव्हान्स ३६५ दिवसांच्या आत माल देऊन जमा केला तरच तो ठेव धरला जात नाही. ठेव झाली की कंपनीला ढीगभर नियम लागतात. म्हणून कंपनीवाल्या सराफांनी मुदत वर्षाच्या आत बसवली आणि बाकीच्यांनीही तेच धरलं. याचा तुमच्यावर थेट परिणाम होतो तो असा. समजा पहिला हप्ता ५ मे ला भरला, अकरावा ५ मार्चला, ठुशी ५ एप्रिलनंतर घेता येते, आणि पहिल्या हप्त्याचे ३६५ दिवस मे च्या पहिल्या आठवड्यात संपतात. म्हणजे खरेदीला महिनाभराचाच काळ आहे. तुम्ही म्हणणार अक्षय तृतीयेला घेऊ, पण अक्षय तृतीया काही वर्षी ५ मे च्या पुढं जाते, २०२४ ला १० मे ला होती. मुदत संपली की काही दुकानं त्या दिवसाच्या दरानं खातं बंद करतात, काही बोनस काढून घेतात, नुसता फोन येतो आणि पुढचं तुम्ही बघा. लग्न डिसेंबरात आहे म्हणून ठुशी तेव्हाच घेऊ असं यात चालत नाही, एप्रिलात घेऊन लॉकरला ठेवायला लागेल. तारीख मोजूनच पहिला हप्ता भरा.

आणि हा ॲडव्हान्स आहे म्हणजेच ही ठेव नाही, बँकेतल्या पैशाला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो याला नाही, रिझर्व्ह बँकेचं यावर लक्ष नाही. दुकान बुडालं तर तुम्ही बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत, आणि रांग लांब असते. २०१९ ला ठाणे-डोंबिवलीकडं एका मोठ्या सराफानं रात्रीत दुकानं बंद केली, स्कीमवाल्या बायका शटरपुढं कार्डं घेऊन उभ्या होत्या, हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे आणि २०१९ चा केंद्राचा अनियंत्रित ठेवींवर बंदीचा कायदा आहे, गुन्हा दाखल होतो, मालमत्ता जप्त होते, पण पैसा हातात यायला वर्षं जातात. ओळखायचं कसं? जिथं दोन-दोन हप्ते बोनस आहे, मुदत दोन वर्षांची आहे, शेवटी "रोखच घ्या की" म्हणतात, किंवा पावती न देता नुसत्या वहीत लिहितात, तिथनं उठून यायचं. वर दाखवलं तसं बोनस मजुरीतनं येतो, मजुरीत न मावणारा बोनस देणारा माणूस तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या हप्त्यातनं देत असतो.

किरकोळ एक राहिलं. बोनस बिलात कुठं वजा करतात ते बघा. सूट म्हणून जीएसटीच्या आधी वजा केला तर ५,००० वरचा जीएसटी, १५० रुपये, वाचतो. पैसे भरले असं धरून शेवटी वजा केला तर नाही वाचत. दीडशेसाठी भांडू नका, पण दुकानाचा हिशोब कसा आहे ते त्यावरनं कळतं.

आता तुमचं. ठुशीच घ्यायचीय, मजुरी भरपूर असणारी वस्तू आहे, आणि दुकान जवळचं, तर रुपयाची स्कीम तुम्हाला बसते, पण एका अटीवर, त्या दुकानातली ठुशीची मजुरी शेजारच्यापेक्षा तीनेक टक्क्यांच्या वर जास्त नको. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे तुमच्या बिलात दीड हजार, तेवढा सोसून पण आरडीपेक्षा पुढं राहाल. पाच-सहा टक्क्यांचा असेल तर आरडी करा. लेकीच्या पसंतीचा नमुना त्या दुकानात मिळतो का हेही बघा, नाहीतर साठ हजार तिथं आणि मन दुसऱ्याच दुकानातल्या कोल्हापुरी साजावर असं होतं. कार्ड तुमच्याच नावानं काढा, वारस म्हणून लेकीचं नाव लिहा, कारण कार्ड ज्याच्या नावावर बिल त्याच्याच नावानं आणि त्याच्याच ओळखपत्रावर होतं, लेकीच्या नावानं काढलंत आणि ती पुण्याला नोकरीला असली तर ठुशी घ्यायला तिला यायला लागेल.

दुकानात गेलात की एक करा, गेल्या महिन्यात ज्यांची स्कीम संपली अशा कुणाचं तरी ठुशीचं बिल नाव झाकून दाखवा म्हणा. आम्ही दाखवायचो. त्यात दर, निव्वळ वजन, मजुरीचा टक्का, बोनस कुठं वजा झाला, सगळं एका कागदावर दिसतं, आणि जो दाखवायला कां कूं करतो त्याचं कार्ड नका काढू. बिल बघितल्यावर मजुरीचा आकडा इथं खाली टाका, शेजारच्या दुकानाचा पण, मी हिशोब करून देतो.